मूळ साडीशी जुळवायचं

आमच्या ह्यांना लाल-हिरवं नीट कळत नाही आणि मला उजेड सोसत नाही. असं जोडपं सोलापुरात मॅचिंग सेंटर चालवतं, हे कळलं की लोक आधी हसतात. हसू देत. मीसुद्धा पोट धरून हसलेली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र माझं हसू मध्येच थांबतं.

दुकान सात रस्त्याजवळ, मीच उभं केलेलं. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, रेशमाची रिळं. बाई साडी घेऊन येते, आम्ही तिला मिळता पीस काढून देतो. ऐकायला सोपं आहे, करून बघा. एका गुलाबीत किती गुलाबी असतात ते आमच्या फळीसमोर उभं राहिल्यावर कळतं. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, साडी आणि पीस घेऊन बाहेर पायरीवर यायचं, उन्हात शेजारी शेजारी धरायचं आणि मगच कात्री लावायची. आणि जुळवायचं ते मूळ साडीशीच. पुष्कळ बायका साडी आणायचा कंटाळा करतात, जुन्या ब्लाउजची चिंधी आणतात, "ह्याच्यासारखं द्या" म्हणतात. मी देत नाही. ती चिंधी साडीशी अगदी जुळलेली नसते, एकोणीस-वीस असते. तिच्याशी जुळवलेला पीस आणखी एकोणीस-वीस. असं दोन-तीनदा झालं की राणी रंगाचा डाळिंबी होतो, आणि गंमत अशी की कुठल्याच खेपेला कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. दरवेळी आदल्याशी जुळतच असतं की!

आमचे हे एका शाळेत क्लार्क होते. त्याआधी त्यांना रेल्वेत इंजिनावर जायचं होतं. डॉक्टरी तपासणीत ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं. त्यातले आकडे बाकीच्या पोरांनी धडाधड वाचले, ह्यांना नुसते ठिपकेच दिसले. तिथंच इंजिन सुटलं. लग्न ठरताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवाळीत त्यांनी माझ्यासाठी "हिरवी" साडी आणली, ती चक्क विटकरी होती. मी नेसले. काय करणार! निवृत्तीनंतर हे दुकानात बसायला लागले, तेव्हा मी त्यांना गल्ला आणि गिऱ्हाइकांशी गप्पा एवढंच खातं दिलं होतं.

माझं डोळ्याचं जुनं दुखणं. डाव्या डोळ्यानं लहानपणापासून माणूस आला एवढंच कळतं, कोण आला ते नाही. सगळी मदार उजव्यावर. त्याच उजव्या डोळ्याला जखम होऊन बुबुळावर फूल पडलं. औषधं झाली, ठिपका काही हटेना, आणि डॉक्टर म्हणाले, बुबुळ बदलावं लागेल. कुणीतरी गेलं होतं, त्याच्या घरच्यांनी डोळे दिले होते. कोण ते सांगत नाहीत. ऑपरेशननंतर पट्टी निघाली आणि मला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं, तेव्हा मी त्या अनोळखी घराला मनातल्या मनात हात जोडले.

डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी ह्यांना आणि मला समोर बसवून सांगितलं, की शरीर कधी कधी परकं बुबुळ ओळखतं आणि हाकलायला बघतं. वेळेत आलात तर औषधानं थांबवता येतं, उशीर झाला तर बुबुळ गढूळ होतं आणि मग तसंच राहतं. ओळखायचं कसं? डोळा लाल होणं, उजेड जास्त टोचणं, दिसायला कमी होणं, दुखणं. "सुरुवातीला उजेड थोडा टोचेलच. तो दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. वाढला तर त्याच दिवशी यायचं. घरात लग्न असलं तरी."

मी लगेच म्हटलं, "डॉक्टर, माझा डोळा मला कसा दिसणार? डावा कामाचा नाही. आणि ह्यांना तर लाल दिसत नाही."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्यांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत चष्म्याचे नंबर काढणाऱ्या ताईकडे पाठवलं.

ती ताई आमच्या लेकीच्या वयाची. तिनं ह्यांच्यापुढं तेच ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं. हे म्हणाले, "आमची जुनी ओळख आहे." मग तिनं त्यांचा फोन घेतला, सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी उघडली आणि कलर करेक्शन नावाचं बटण चालू केलं. खाली दोन-तीन प्रकार होते. एकेक लावून ती विचारायची, "काका, आता ही दोन वेगळी दिसतात का?" हिरवं कमजोर असणाऱ्यांसाठीचा प्रकार लावल्यावर हे खुर्चीत पुढं सरकले. पडद्यावर टोमॅटो आणि त्याच्या पानांचा फोटो होता. "हे फळ पानातून एकदम वेगळं निघालं की," म्हणाले. मी वाकून बघितलं तर मला सगळेच रंग बिघडल्यासारखे दिसले. ताई म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी नाही ते. ह्यानं काकांना खरे रंग दिसत नाहीत. जे रंग त्यांच्या नजरेत एकमेकांत मिसळतात, ते फोन थोडे लांब लांब सरकवतो, म्हणून फरक कळतो. आणि कॅमेरा उघडला तरी पडद्यावर तसंच दिसतं." तिनं सांगितलं, रोज सकाळी एकाच खिडकीशी माझ्या डोळ्याचा फोटो काढायचा आणि काकांनी तो असा बघायचा.

मग माझा फोन. मला पांढरा पडदा म्हणजे डोळ्यात चुना घातल्यासारखा व्हायचा. तिनं कलर इन्व्हर्जन लावलं. पांढरं ते काळं झालं, काळी अक्षरं पांढरी झाली. काय आराम वाटला म्हणून सांगू! जोडीला एक्स्ट्रा डिम म्हणून आणखी एक होतं, त्यानं पडदा नेहमीच्या सगळ्यात कमी उजेडापेक्षाही खाली जायचा. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की इन्व्हर्जन चालू, परत तसंच केलं की बंद. मी तिथल्या तिथं शिकले.

"एक लक्षात ठेवा," ताई म्हणाली. "फोटोसुद्धा उलटे दिसणार. फोटो आत तसाच असतो, बदलतो तो फक्त पडदा. कुणाला पाठवलात तर त्याला नीटच दिसेल. पण रंगाचा निवाडा करायचा असेल, तेव्हा हे बंद करून बघायचं."

मला रंगाचा निवाडा शिकवतेय, म्हणून मी मनात हसले.

घरी आल्यावर फोनमधले जुने फोटो उघडले आणि अंगावर काटा आला. लेकीच्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांचे दात काळे, तोंडं निळी. सासूबाईंचे पांढरे केस काळेभोर झालेले आणि डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या. त्या माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. मी फोन पालथा घातला. हळूहळू त्याचीही सवय झाली.

सुरुवातीचे दिवस खरंच बरे गेले. खिडक्यांवर आम्ही आपल्याच सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या, घरात दिवसा संध्याकाळ असायची. मी पलंगावर, आणि हे दुकानात! आता काय सांगायचं. दुकान बंद ठेवायचं नाही असा ह्यांचा हट्ट. त्यांनी एक युक्ती काढली. करेक्शन चालू ठेवून फोनचा कॅमेरा उघडायचा, साडी आणि पीस पायरीवर उन्हात शेजारी धरायचे आणि पडद्यावर बघायचं. रंगाचं नाव त्यांना सांगता यायचं नाही, पण दोन कापडं एक की वेगळी, हे बऱ्यापैकी कळायचं. चुकायचे ते वेगळ्याच ठिकाणी. गिऱ्हाइकानं चिंधी आणली तर ती चालवून घ्यायचे. मी फोनवरून ओरडायची, "अहो, मूळ साडीशी जुळवायचं! चिंधीशी नाही!" हे म्हणायचे, "अगं, तंतोतंत जुळलंय." जुळणारच. मी कपाळाला हात लावायची.

रोज सकाळी चहाआधी आमचा डोळ्याचा कार्यक्रम. चादर जराशी बाजूला करायची, मी खिडकीशी बसायचं, पापणी बोटानं ताणायची, हे फोटो काढायचे. बघायचे, बोटानं पडदा सरकवायचे, परत बघायचे. "काही नाही. आहे तसा आहे." मग तोच फोटो मलाही पाठवायचे. मी माझ्या फोनवर उघडायची. उलट्या पडद्यावर डोळ्याचा पांढरा भाग काळा दिसायचा आणि त्यात कुठं कुठं निळसर-हिरवट तार. पहिल्या दिवशीसुद्धा एखाददुसरी तार होतीच. मी म्हणायची, ठीक आहे.

मग चैत्र संपला आणि ऊन पेटलं. सोलापूरचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला काही सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. चांगले डोळे असलेली माणसंही कपाळावर आडवा हात धरून चालतात. त्या दिवसांत उजेड जास्त टोचायला लागला, तर मी काय समजणार? शेजारीण म्हणाली, "मला पण सोसंना झालंय बघा." झालं! मला तेवढंच पुरलं.

मी फोनवरची एक्स्ट्रा डिमची सरकती पट्टी थोडी वाढवली. बरं वाटलं. काही दिवसांनी आणखी थोडी. अक्षरं पुसट वाटली म्हणून ती मोठी केली. परत बरं वाटलं. खिडकीवर दुसरी चादर आली. सकाळी फोटोपुरती चादर सरकवली तरी डोळ्यातून पाणी यायला लागलं, मग हे म्हणाले, "पुढच्या खोलीतल्या फटीतून उजेड येतो, तिथं काढू." काढला. फोटो जरा पुसट आला. मी माझ्या पडद्यावर उघडून बघितला, तर सगळा काळा. एक तारसुद्धा नाही. मी काय म्हणाले असेन? "बघा, किती स्वच्छ झालाय!"

काय होत होतं ते आज कळतं. पांढरं जिथं काळं होतं, तिथं त्यावरची लाली म्हणजे काळ्यावरची निळसर छटा. पडदा मंद करत गेलं की ती छटा काळ्यातच बुडणार. डोळा जितका लाल होत होता, तितका उजेड टोचत होता. जितका टोचत होता, तितका मी पडदा मंद करत होते. आणि पडदा जितका मंद, तितका डोळा मला स्वच्छ दिसत होता. आयुष्यभर रंग बघून पोट भरलेल्या बाईच्या हे लक्षात आलं नाही. ताईनं सांगितलं होतं, बंद करून बघा. पण बंद केलं की तो पांढरा पडदा डोळ्यात घुसायचा. कोण करणार?

तपासणीची तारीख आली होती. पण लगीनसराई, दुकानात उभं राहायला जागा नाही, ह्यांना सोडून मी एकटी जाऊ शकत नव्हते. लेक बंगळुरूला, नुकतीच बाळंत झालेली. तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिला फोटो पाठवायचा नाही असं मीच ठरवलं होतं. "एवढी सराई आटोपली की जाऊ," मी म्हटलं. ह्यांनी एकदा म्हणून बघितलं, "अगं, डॉक्टर म्हणाले होते..." मी म्हटलं, "तुम्हाला लाली दिसतेय का?" "नाही." "मला दुखतंय का?" "तुझं तुला माहीत." "मग?" ते गप्प बसले. माझ्यापुढं ते नेहमीच गप्प बसतात. तेव्हा बसायला नको होतं.

एका दुपारी हे जेवायला घरी आले होते, तेवढ्यात दार वाजलं. माळशिरसकडची एक बाई, लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. दुकान बंद दिसलं म्हणून पत्ता विचारत विचारत थेट घरी आलेली. हातात पिशवी, तोंडात आग.

"कुटं हायत मालकीणबाई? ह्यो कसला रंग दिलाय वो? माजी पोरगी शिवलेला ब्लाउज घालून आरशापुढं हुबी ऱ्हायली आन् रडायला लागली की!"

मी आतून म्हटलं, "या की आत. पाणी घ्या आधी."

ती आत आली, अंधार बघून थबकली. "ही काय म्हनायची तऱ्हा? दिसंना काय." आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं खिडकीवरच्या चादरींना हात घातला. दोन्ही चादरी एकदम बाजूला झाल्या.

मी किंचाळले. खोटं नाही सांगत, डोळ्यात कुणीतरी सुई फिरवली. मी उशीत तोंड खुपसलं. ती बाई बिचारी घाबरली, "अगं बया, लागलं काय?" म्हणत चादरी ओढायला लागली. ह्यांनी तिला बाहेरच्या खोलीत नेलं. मी उशीतूनच ऐकत होते. का कोण जाणे, मला नुसता राग येत होता. उन्हाचा, त्या बाईचा, ह्यांचा.

बाहेर कळलं ते असं. ही बाई आधी साडी घेऊन आली होती तेव्हा ह्यांनी एक पीस दिला, तो शिंप्यानं बिघडवला. मग ती त्या पिसाची चिंधी घेऊन आली, ह्यांनी दुसरा दिला. तो कमी पडला, परत तिसरा, दुसऱ्याच्या चिंधीवरून. तिसऱ्याचा ब्लाउज शिवला आणि साडीवर घातला, तर पोरगी रडली.

"पन मालक तर म्हनत हुते, तंतोतंत हाय!"

"तंतोतंत होतं हो," हे म्हणाले. "मी फोनवर बघितलं होतं. दोन्ही एक होती."

माझं टाळकंच सणकलं. डोळ्यावर पदर दाबून मी दारापर्यंत आले आणि ओरडले, "दोन्ही एकच असणार! तुम्ही आदल्याशी जुळवलंत! शंभरदा सांगितलं, मूळ साडीशी जुळवायचं. आदल्याशी जुळवत गेलं की रंग सरकत सरकत कुठल्या कुठं जातो आणि कळत नाही, कारण दरवेळी फरक एवढासाच..."

आणि माझी जीभ तिथंच अडकली.

ती बाई वाट बघत होती. हे वाट बघत होते. मी दाराची चौकट धरली.

"अहो," मी म्हटलं. "सकाळी डोळ्याचा फोटो काढता, तो कशाशी ताडून बघता?"

"म्हणजे?"

"बोटानं पडदा सरकवता ना? कुठला फोटो बघता?"

"कालचा," ते म्हणाले. "आजचा आणि कालचा. जुळतो का ते बघतो."

मी खाली बसले. "पहिला काढा," मी म्हटलं. "खिडकीशी काढलेला, पहिल्या दिवसाचा. आणि आत्ता एक नवीन काढा. चादर उघडून."

त्या बाईला काही कळलं नाही, पण ती शहाणी. काही न विचारता तिनं चादर धरली. डोळा उघडाच राहीना, पाण्याची धार लागली. ह्यांनी माझी हनुवटी धरून कसाबसा फोटो काढला. मग ते खुर्चीवर बसले. पहिल्या फोटोवर गेले, आजच्यावर आले. परत पहिल्यावर. त्यांचा चेहरा मला धूसर दिसत होता.

"जुळत नाही गं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

मी माझा फोन घेतला. दोन्ही बटणं दाबून इन्व्हर्जन घालवलं, डिम बंद केलं. पांढरा पडदा डोळ्यात घुसला, दात आवळून बघितलं. पहिल्या फोटोत बुबुळाभोवती धुतल्या कपड्यासारखं पांढरं. आजच्यात बुबुळाच्या कडेला गोल लाल कडं, आणि बुबुळ स्वतः दुधात पाणी घातल्यासारखं. मी कित्येक दिवसांनी रंग बघितला होता. पहिला दिसला तो हा.

माळशिरसच्या बाईनं पिशवी खाली ठेवली आणि धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षात मी ह्यांचा ओला रुमाल डोळ्यावर धरला होता. वाटेत हे एकच वाक्य परत परत म्हणत होते, "रोज जुळत होतं गं. रोज जुळत होतं." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. रागवायचं बळ नव्हतं, आणि कुणावर रागवणार?

डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली. "उजेड जास्त टोचतोय हे कधीपासून?"

"उन्हाळा आहे ना," मी म्हटलं.

ताईनं माझा फोन मागितला. तिनं डिमची पट्टी बघितली, ती पार शेवटाला टेकलेली. अक्षरं केवढी मोठी केली होती ते बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "काकू, पट्टी वाढवावीशी वाटली ना, तेव्हाच यायचं होतं. ती गरज वाढणं म्हणजेच उजेड जास्त टोचणं."

दर तासाला थेंब, डोळ्यात इंजेक्शन, पुन्हा पुन्हा तपासणी. हे रात्रंदिवस गजर लावून थेंब घालत होते, दुकानाला कुलूप. बुबुळ हाकललं जातंय की राहतंय, हे कुणी सांगत नव्हतं. मी अंधारात पडून त्या अनोळखी माणसाचा विचार करायची. त्याच्या घरच्यांनी रडत रडत सही केली असेल, आणि मी ब्लाउज पिसांपायी त्याचा डोळा घालवत होते. मला स्वतःची किळस आली. रडायचीसुद्धा भीती वाटायची, डोळ्याला चालेल की नाही म्हणून.

बुबुळ राहिलं. पूर्ण पहिल्यासारखं नाही, कडेला जरा धुकं आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागलं. मग दाराशी उभे राहून, जाता जाता सांगावं तसं म्हणाले, "एकदा ओळखलंय शरीरानं. परत कधीही होऊ शकतं."

आता आमच्या घरात दोन नियम आहेत. ह्यांनी पहिला फोटो फोन उघडताच समोर दिसेल असा ठेवलाय, बोटाखाली कायम तोच. रोजचा फोटो त्याच्याशीच जुळवायचा, कालच्याशी नाही, आणि तो दवाखान्यातल्या ताईलाही पाठवायचा. तिच्या फोनवर तो आहे तसाच दिसतो. दुसरा नियम माझा. सकाळी उठलं की आधी सगळं बंद करायचं, इन्व्हर्जन, डिम, सगळं, आणि कोरा पांढरा पडदा समोर धरायचा. किती टोचतो ते बघायचं. मगच दिवसभराचा आराम लावायचा. एरवी मला ते बटण नको असं नाही, त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. जे फार बरं वाटतं त्याला मी हल्ली घाबरते.

त्या लग्नाचा ब्लाउज पीस, थेंब जरा कमी झाल्यावर, मी स्वतः जुळवून दिला, मूळ साडीशी, संध्याकाळच्या उन्हात, काळा चष्मा लावून, आणि शेवटी क्षणभर तो काढून. पोरीला आवडला म्हणे.

आज सकाळी मी उठले, नेहमीसारखं सगळं बंद केलं, पांढरा पडदा समोर धरला. डोळा आपोआप मिटला. मला वाटलं, झोप झाली नसेल. परत उघडला, परत मिटला. माझं बोट माझ्या नकळत आवाजाच्या बटणांवर गेलं होतं. दाबलं असतं तर क्षणात बरं वाटलं असतं. मी बोट काढून घेतलं.

"अहो," मी हाक मारली. "चहा राहू दे. फोटो काढा."

त्यांनी चादर सरकवली, फोटो काढला, खुर्चीवर बसले. पहिल्या फोटोवर गेले. आजच्यावर आले. मी विचारलं नाही. बाहेर ऊन अजून कोवळंच होतं, उन्हाळ्याला कित्येक महिने अवकाश आहे. आता उन्हाचं नाव सांगायलाही जागा नव्हती.

ते उठले. फोन खिशात न घालता हातातच धरला.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "मी रिक्षा बघतो."